हजेरी क्रमांकाचं बी: प्रत्येक मुलाला वेगळी वजाबाकी आणि तिची स्वतःची उत्तरपट्टी

दापोली तालुक्यातल्या आमच्या गावात चौथीचा वर्ग चौदा मुलांचा आहे. तीन बाकं, बाकीची मुलं सतरंजीवर, खांद्याला खांदा लावून. अशा वर्गात सगळ्यांना एकच सरावपत्रिका दिली की दहा मिनिटांत चौदा पाटीवह्यांत एकच उत्तर उमटतं, आणि ते उत्तर नेमकं कोणाचं हे कळत नाही. मुलं लबाडी करतात असं मी म्हणणार नाही. शेजारच्याची वही डोळ्यांसमोरच असते. पण हातच्याची वजाबाकी कोणाला येते आणि कोणाला येत नाही हे मला कळायला हवं होतं. म्हणून प्रत्येकाला वेगळी गणितं द्यायची असं ठरवलं. ती हाताने तयार करायची तर चौदा गुणिले दहा, म्हणजे 140 गणितं आणि 140 उत्तरं. एका आठवड्यापुरतं होतं, दुसऱ्या आठवड्यात जमत नाही.

स्प्रेडशीटमध्ये हे काम होतं. पण बहुतेक जण पहिल्यांदा ज्या वाटेने जातात, ती वाट फसवी आहे. मीही त्याच वाटेने गेले होते, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

RANDBETWEEN का नको

`=RANDBETWEEN(100,999)` लिहिलं की तीन अंकी कोणतीही एक संख्या मिळते. असे दोन रकाने केले, तिसऱ्यात वजाबाकी केली की पत्रिका तयार झाली असं वाटतं. मी तशीच केली होती. संध्याकाळी घरी प्रश्न छापले आणि उत्तरं छापायच्या आधी लाईट गेली. दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह घेऊन बाजारात झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि तिथे उत्तरांचं पान छापून घेतलं. वर्गात तपासायला बसले, तर एकाही मुलाचं एकही उत्तर जुळेना. एक मुलगी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “बाई, मी दोनदा करून बघितलं. माझं बरोबर आहे.” तिचं बरोबरच होतं.

त्याचं कारण असं. RAND आणि RANDBETWEEN ही फंक्शन्स प्रत्येक वेळी नव्याने आकडे काढतात. कुठल्याही सेलमध्ये काही लिहा, शीर्षकातली एखादी वेलांटी दुरुस्त करा, एक्सेलमध्ये F9 दाबा किंवा फाईल दुसऱ्या संगणकावर उघडा, सगळे आकडे बदलतात. दुकानात फाईल उघडली त्या क्षणी आदल्या संध्याकाळची गणितं कायमची गेली होती.

यावर नेहमी सांगितला जाणारा उपाय म्हणजे आकडे कॉपी करून त्याच जागी फक्त मूल्यं म्हणून चिकटवणं. त्याने आकडे गोठतात हे खरं. पण मग चौदा मुलांच्या चौदा गोठवलेल्या प्रती सांभाळाव्या लागतात. आणि आमच्याकडे जुलैमध्ये दप्तर भिजणं ही रोजची गोष्ट आहे. पत्रिका भिजून लगदा झालेल्या मुलाला तीच पत्रिका पुन्हा छापून द्यायची, तर त्याची प्रत शोधत बसावं लागतं.

मला हवी होती अशी पत्रिका, जी नुसत्या एका क्रमांकावरून केव्हाही, कुठल्याही संगणकावर, तशीच्या तशी पुन्हा उगवेल. भाताचं बी पेरलं की भातच येतं, तसं. म्हणून त्या क्रमांकाला मी बी म्हणते.

बी आणि त्यातून निघणारे आकडे

युक्ती जुनी आहे. एक संख्या घ्यायची, तिला 75 ने गुणायचं, गुणाकाराला 65537 ने भागायचं आणि बाकी ठेवायची. ती बाकी म्हणजे पहिला आकडा. त्या बाकीला पुन्हा 75 ने गुणायचं, पुन्हा भागायचं, पुन्हा बाकी. 1981 साली ब्रिटनमध्ये निघालेला सिंक्लेअर झेडएक्स81 हा लहानसा घरगुती संगणक याच 75 आणि 65537 च्या जोडीवर आपले आकडे काढायचा. 65537 ही मूळ संख्या आहे, आणि 75 हा गुणक असा आहे की 1 ते 65536 मधल्या कुठल्याही संख्येपासून सुरुवात केली तरी बरोबर 65536 पावलं झाल्याशिवाय तीच संख्या परत येत नाही. बघणाऱ्याला आकडे विस्कटलेले दिसतात, पण बी तेच असेल तर ओळ नेहमी तीच निघते. यात RAND कुठेच नाही, त्यामुळे आपोआप काही बदलत नाही.

आता नवी फाईल उघडा आणि पहिल्या शीटला ‘गणित’ नाव द्या. एक्सेल, गूगल शीट्स किंवा लिब्रेऑफिस, काहीही चालेल. खाली दिलेली सूत्रं तिन्हीकडे चालतात. तुमच्या संगणकाच्या भाषेच्या सेटिंगप्रमाणे कधी स्वल्पविरामाच्या जागी अर्धविराम द्यावा लागतो, एवढंच.

`B1` मध्ये पत्रिकेचा क्रमांक लिहा, `B2` मध्ये मुलाचा हजेरी क्रमांक. `B3` मध्ये बी:

```
=B1*100+B2
```

सातवी पत्रिका आणि बारावा हजेरी क्रमांक असेल तर बी होईल 712. चौथी ओळ शीर्षकांसाठी सोडा. एका गणिताला सहा आकडे लागतात, म्हणून `A` ते `F` हे सहा रकाने त्यांच्यासाठी. पाचव्या ओळीत `A5` आणि `B5` अशी भरा:

```
=MOD($B$3*75,65537)
=MOD(A5*75,65537)
```

`B5` च्या कोपऱ्यातला ठिपका धरून `F5` पर्यंत ओढा. सहाव्या ओळीचा पहिला सेल वरच्या ओळीच्या शेवटच्या सेलवरून सुरू होतो, आणि त्याच्या पुढचे सेल आपापल्या डावीकडच्यावरून:

```
=MOD(F5*75,65537)
=MOD(A6*75,65537)
```

पहिलं सूत्र `A6` मध्ये, दुसरं `B6` मध्ये. `B6` तेवढं `F6` पर्यंत उजवीकडे ओढा, `A6` नाही. मग `A6` ते `F6` ही सगळी ओळ निवडून पंधराव्या ओळीपर्यंत खाली ओढा. चुकून `A6` च उजवीकडे ओढलात, तर पुढच्या सेलची सूत्रं वरच्या रिकाम्या सेलकडे बघतात आणि शून्यं दिसू लागतात. शून्य दिसलं की थांबा, कारण शून्याला कितीही वेळा 75 ने गुणलं तरी ते शून्यच.

बी 712 असेल तर पाचव्या ओळीत 53400, 7243, 18929, 43398, 43537, 53962 असे आकडे यायला हवेत आणि सहाव्या ओळीत 49393, 34403, 24282, 51651, 7142, 11354. हे जुळलं तर तुमची साखळी बरोबर आहे. जुळलं नाही तर पुढे जाऊ नका.

पाचव्या ओळीचे सहा आकडे आपण वापरणारच नाही, ते टाकून द्यायचे. याचं कारण सांगायला हवं, कारण ही ओळ वगळून काम वाचवावं असं प्रत्येकाला वाटतं. 712 चा पहिला आकडा 53400 आणि शेजारच्या 713 चा 53475. 65537 च्या मापात हे दोन आकडे जवळजवळ एकच. त्यांच्यावरून अंक काढला तर बाराव्या आणि तेराव्या मुलाच्या पहिल्या गणितात तोच अंक येतो, आणि ही दोन मुलं वर्गात शेजारीच बसलेली असतात. दुसऱ्या आकड्यातही अंतर थोडंच, 7243 आणि 12868. तिसऱ्यापासून मात्र वाटा फाकतात: 18929 आणि 47582. म्हणून एक पूर्ण ओळ सोडून दिली की शेजाऱ्यांची गणितं वेगळी होतात.

संख्या निवडू नका, अंक निवडा

पहिल्या प्रयत्नातली दुसरी चूक मला उशिरा कळली, आणि माझ्या मते ती मोठी चूक. 100 ते 999 मधल्या कोणत्याही दोन संख्या घेतल्या तर काही गणितांत हातचा लागतच नाही, काहींत एकदा लागतो, काहींत दोनदा, आणि काहींत खालची संख्याच मोठी निघते. एका मुलाला दहातली सात सोपी आली आणि दुसऱ्याला दहाही अवघड आली, तर त्यांच्या गुणांची तुलना करून काय मिळणार? पत्रिका वेगळ्या हव्यात, पण अवघडपणा सारखा हवा.

म्हणून एकक, दशक आणि शतकाचा प्रत्येक अंक वेगळा निवडायचा. मला हवी असलेली वजाबाकी अशी: तीन अंकी वजा तीन अंकी, एककाला हातचा लागेलच, दशकाला आणि शतकाला लागणार नाही. त्यासाठी तीन अटी पुरतात. वरचा एकक खालच्या एककापेक्षा लहान. वरचा दशक खालच्या दशकापेक्षा निदान एकाने मोठा, म्हणजे एक दशक सुटा करून दिल्यावरही पुरेल. वरचा शतक खालच्यापेक्षा मोठा, म्हणजे उत्तर तीन अंकी येईल.

सहाव्या ओळीत `G` पासून `L` पर्यंत ही सहा सूत्रं भरा. एकेका ओळीत एक दिलं आहे, पण ती शेजारशेजारच्या सेलमध्ये जातील:

```
=INT(A6/65537*9)
=1+INT(B6/65537*(9-G6))
=INT(C6/65537*9)
=I6+1+INT(D6/65537*(9-I6))
=1+INT(E6/65537*8)
=K6+1+INT(F6/65537*(9-K6))
```

`G` हा वरचा एकक, 0 ते 8 मधला. `H` हा अंक नाही, खालचा एकक वरच्यापेक्षा कितीने मोठा ते त्यात आहे. `I` खालचा दशक, `J` वरचा दशक, `K` खालचा शतक, `L` वरचा शतक. सगळीकडे रीत एकच: आकड्याला 65537 ने भागलं की शून्य आणि एक यांच्यामधला अपूर्णांक मिळतो, त्याला जितके पर्याय उपलब्ध आहेत तितक्याने गुणायचं आणि अपूर्णांक छाटायचा. पर्यायांची संख्या आधीच्या अंकावर अवलंबून ठेवली, म्हणून अट कधीच मोडत नाही. वरचा एकक 6 आला तर फरकाला 1, 2 किंवा 3 हेच पर्याय उरतात, कारण 6 च्या वर 9 पर्यंत तीनच अंक आहेत.

712 वर हे करून पाहू. 49393 भागिले 65537 म्हणजे सुमारे 0.75, गुणिले 9 म्हणजे 6.78, छाटल्यावर वरचा एकक 6. फरक 2 येतो, म्हणजे खालचा एकक 8. खालचा दशक 3, वरचा 8. खालचा शतक 1, वरचा 3. गणित झालं 386 − 138. 713 च्या मुलाला याच जागी 888 − 709 येतं.

आता संख्या जोडा. `M6`, `N6` आणि `O6`:

```
=L6*100+J6*10+G6
=K6*100+I6*10+G6+H6
=M6-N6
```

वरची संख्या, खालची संख्या, उत्तर. 386, 138, 248.

उत्तरपट्टीत चुकीची उत्तरंही हवीत

फक्त बरोबर उत्तर छापलं तर चूक की बरोबर एवढंच कळतं. पण हातच्याच्या वजाबाकीत मुलं दोन ठरावीक प्रकारे चुकतात, आणि दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे. एक मूल म्हणतं, सहातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून सहा काढू, राहिले दोन. त्याला स्थानिक किंमत आणि वर-खाली यांचा अर्थच पोचलेला नाही. त्याच्यासोबत काड्यांचे गठ्ठे सोडून पुन्हा बसावं लागतं. दुसरं मूल दशक सुटा करून सोळातून आठ बरोबर काढतं, पण वरच्या दशकातला एक कमी करायला विसरतं. त्याला कल्पना समजली आहे, लिहायची सवय कच्ची आहे. वरचा 8 खोडून 7 लिहायची सवय लावली की त्याचं काम होतं.

अंक आपल्या हातात असल्यामुळे या दोन्ही चुकांची उत्तरं आधीच काढता येतात. `P6` उलट्या वजाबाकीचं, `Q6` दशक कमी न केलेल्याचं:

```
=(L6-K6)*100+(J6-I6)*10+H6
=O6+10
```

386 − 138 साठी बरोबर उत्तर 248, उलटं केलं तर 252, दशक विसरला तर 258. मुलाच्या वहीत 252 दिसलं की त्याने काय केलं हे विचारायचीही गरज उरत नाही.

हे वापरायला लागल्यावर एक अडचण दिसली. काही गणितांत `P` आणि `Q` दोन्ही सारखेच येत होते. उदाहरणार्थ 483 − 258. उलटं केलं तर आठातून तीन पाच, आठातून पाच तीन, चारातून दोन दोन, म्हणजे 235. दशक विसरला तर तेरातून आठ पाच, आठातून पाच तीन, पुन्हा 235. ज्या गणितात एककांमधला फरक 5 आहे, तिथे हे नेहमीच होणार, कारण दहातून पाच गेले की पाचच उरतात. असं गणित सरावाला चालतं, पण मूल कुठे अडलंय ते सांगत नाही. म्हणून फरक 5 आला की त्याजागी 4 घ्यायचा. `H6` मधलं जुनं सूत्र काढून हे टाका:

```
=IF(1+INT(B6/65537*(9-G6))=5,4,1+INT(B6/65537*(9-G6)))
```

यामुळे 4 चा फरक बाकीच्यांपेक्षा थोडा जास्त वेळा येतो. दहा गणितांच्या पत्रिकेत त्याने काही बिघडत नाही. इतकं बंधन घालूनही एककाच्या 40, दशकाच्या 45 आणि शतकाच्या 36 जोड्या उरतात, म्हणजे एकूण 64,800 वेगवेगळी गणितं.

आता `G6` ते `Q6` निवडा आणि पंधराव्या ओळीपर्यंत खाली ओढा. दहा गणितं तयार.

मराठी अंक

आमच्या मुलांच्या पुस्तकात देवनागरी अंक आहेत, पाटीवरही तेच. स्प्रेडशीटला ते दाखवायला लावण्याचे मार्ग प्रत्येक प्रोग्राममध्ये वेगळे आहेत. आपल्याकडे मात्र प्रत्येक अंक सुटा आहे, त्यामुळे सगळीकडे चालणारा सोपा रस्ता आहे. दहा अंकांची एक माळ लिहायची आणि तिच्यातून हवा तो मणी उचलायचा. `R6` मध्ये वरची संख्या, `S6` मध्ये खालची:

```
=MID("०१२३४५६७८९",L6+1,1)&MID("०१२३४५६७८९",J6+1,1)&MID("०१२३४५६७८९",G6+1,1)
=MID("०१२३४५६७८९",K6+1,1)&MID("०१२३४५६७८९",I6+1,1)&MID("०१२३४५६७८९",G6+H6+1,1)
```

एक अधिक करावा लागतो, कारण माळेत शून्य पहिल्या जागी आहे. `R` आणि `S` मध्ये आता आकडे नसून अक्षरं आहेत. ती फक्त छापायला वापरा, हिशेब नेहमी `M` आणि `N` वरूनच. हेही दहाही ओळींत ओढून घ्या.

शाब्दिक उदाहरणं हवी असतील तर हीच अक्षरं वाक्यात गुंफता येतात:

```
="वाडीतून "&R6&" नारळ उतरवले. त्यातले "&S6&" विकले. किती उरले?"
```

नारळाऐवजी वेगवेगळ्या वस्तू आणायच्या असतील तर फक्त नाम बदलू नका, पूर्ण वाक्यंच वेगवेगळी लिहून ठेवा. नारळ उतरवले, पण पेट्या उतरवल्या आणि शहाळी उतरवली. यंत्राला लिंग कळत नाही, आणि ‘पेट्या उतरवले’ वाचून मूल गणिताऐवजी वाक्यातच अडकतं. आपल्या संख्या नेहमी तीन अंकी असल्यामुळे एकवचनाचा प्रश्न तेवढा येत नाही.

छापणं

दुसरी शीट ‘पत्रिका’. तिच्यात गणितं उभी मांडा: वर `='गणित'!R6`, त्याच्या खाली `='गणित'!S6`, दोन्ही उजवीकडे टेकवलेली, डावीकडे वजाचं चिन्ह, खाली जाड रेघ आणि उत्तराला मोकळी जागा. एका रांगेत पाच, अशा दोन रांगा. अंक 20 च्या आकारात ठेवा. ए-फोर कागदाच्या वरच्या तीन चतुर्थांशात हे आरामात बसतं.

कागदाच्या तळाशी एक तुटक रेघ आणि तिच्याखाली उत्तरपट्टी: गणिताचा क्रमांक, आणि त्याच्यासमोर `O`, `P`, `Q` मधली तीन उत्तरं. पट्टीवरही आणि वरच्या प्रश्नांवरही `='गणित'!B3` वरून बी छापलं जाऊ द्या. पट्टी मी वर्गात जायच्या आधी कात्रीने कापून घेते. प्रश्न आणि उत्तरं एकाच वेळी, एकाच कागदावर छापली गेल्यामुळे त्यांची ताटातूट होऊ शकत नाही, आणि चौदा पट्ट्या एका रबरबँडमध्ये राहतात.

`B2` मध्ये 1 लिहा, छापा. 2 लिहा, छापा. असं चौदा वेळा. एका फटक्यात सगळ्यांची पानं काढायच्या युक्त्या आहेत, पण चौदा मुलांसाठी त्यांत जाणारा वेळ वाचणाऱ्या वेळापेक्षा जास्त असतो. छापणं दुकानात असेल तर घरीच प्रत्येक पान पीडीएफ करून न्या. आकडे तिथेही बदलणार नाहीत, पण अक्षराचा टाइप नसेल तर मांडणी विस्कटते.

छापण्याआधी मी दोन गोष्टी बघते. पहिली: `B1` आणि `B2` दोन्ही भरलेत का? दोन्ही रिकामे राहिले तर बी शून्य होतं आणि दहाही गणितं 210 − 101 अशी येतात. पत्रिकेवर 210 − 101 रांगेने दिसलं तर दुसरं कुठे शोधू नका. `B1` तेवढा राहिला तर पत्रिका बरोबर दिसते, पण बी नुसता हजेरी क्रमांक असतं, आणि पुढच्या वेळी पुन्हा विसरलात तर तीच पत्रिका निघते. दुसरी: एकाच पत्रिकेत तेच गणित दोनदा आलंय का? `T6` मध्ये हे लिहून खाली ओढा:

```
=COUNTIFS($M$6:$M$15,M6,$N$6:$N$15,N6)
```

सगळीकडे 1 हवं. 2 दिसणं फार दुर्मीळ, पण दिसलं तर त्या मुलासाठी `B1` मध्ये न वापरलेला दुसरा पत्रिका क्रमांक द्या आणि तो नोंदवून ठेवा.

बी हजेरी क्रमांकावरून काढतो, म्हणून हजेरी क्रमांक 99 च्या पुढे गेला तर गोंधळ होईल: सातव्या पत्रिकेचा 112 आणि आठव्या पत्रिकेचा 12, दोघांचंही बी 812. मोठ्या शाळेत 100 ऐवजी 1000 ने गुणा. मात्र बी 65536 च्या आत राहायला हवं, म्हणजे मग पत्रिका क्रमांक 64 पर्यंतच. आणि हे सगळं सरावासाठी आहे. ज्याच्याकडे ही फाईल आहे तो कुणाचीही उत्तरं काढू शकतो, त्यामुळे गुण मोजायच्या परीक्षेला ती वापरू नका.

तपासताना

पट्टी वहीशेजारी ठेवून प्रत्येक उत्तर कुठल्या रकान्यात बसतं तेवढं बघायचं. दहातली तीन किंवा अधिक उत्तरं `P` मध्ये बसली तर ती सवय आहे, असं मी धरते. एखादंच बसलं तर निसटलं म्हणून सोडते. कुठल्याच रकान्यात न बसणारी उत्तरं बहुतेक साध्या मोजणीच्या चुका असतात, सोळातून आठ गेले तर सात वगैरे. त्या मुलांना वजाबाकीची रीत पुन्हा शिकवू नये. त्यांना वीसच्या आतल्या वजाबाक्या तोंडी करायला द्याव्यात.

एककाचा हातचा पक्का झाला की पुढचा दगड म्हणजे मधलं शून्य: 306 − 148 सारखं. वरच्या दशकात शून्य असल्यामुळे शतक सुटा करावा लागतो, त्याचे दहा दशक होतात, त्यातला एक पुन्हा सुटा करायचा आणि नऊ उरवायचे. हीच शीट कॉपी करून तीन सूत्रं बदलली की त्याची पत्रिका होते. खालचा दशक 1 ते 9, वरचा दशक नेहमी शून्य, आणि उलट्या वजाबाकीत दशकांची अदलाबदल. `I6`, `J6` आणि `P6` मध्ये ही भरा आणि पंधराव्या ओळीपर्यंत खाली ओढा:

```
=1+INT(C6/65537*9)
=0
=(L6-K6)*100+(I6-J6)*10+H6
```

`Q` चं सूत्र तसंच राहू द्या, कारण नऊ लिहायच्या जागी दहाच ठेवणाऱ्या मुलाचं उत्तरही बरोबर दहानेच जास्त येतं. 712 च्या बियाने पहिलं गणित आता 306 − 148 येईल: बरोबर उत्तर 158, उलटं केलं तर 242, दशक दहाच ठेवला तर 168. इथे `P` आणि `Q` कधीच सारखे येत नाहीत, त्यामुळे `H` मधली पाचाची अडवणूक ठेवली काय, काढली काय, सारखंच. मी ठेवते, म्हणजे दोन्ही पत्रिकांचा तो रकाना एकच राहतो आणि पुढच्या वर्षी फाईल उघडल्यावर हे दोन वेगळे का आहेत याचा शोध घ्यावा लागत नाही.